‘इन्ना लिल्लाहि’च्या पुढे काय लिहायचं? चार ओळींच्या शोकसंदेशाचा चौदाशे वर्षांचा प्रवास

आपल्या गावच्या ग्रुपवर एखाद्या मुस्लिम घरातल्या मृत्यूची बातमी आली की तासाभरात तीन प्रकारचे मेसेज पडतात. काही जण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकतात. काही जण ‘आरआयपी’ टाकून मोकळे होतात. आणि काही जण, ज्यांना खरंच जवळीक असते, ते कुठून तरी उर्दू-अरबी ओळ शोधून चिकटवतात. या तिसऱ्या लोकांचं मला कौतुक आहे, कारण त्यांना समोरच्याच्या भाषेत बोलायचं असतं. पण चिकटवलेल्या ओळीत बाईला ‘मरहूम’ म्हटलेलं असतं, किंवा ‘ताजियत’च्या जागी ‘ताजिया’ लिहिलेलं असतं. वाचणारा दुःखात असतो, तो काही बोलत नाही.

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या मुलाने मला विचारलं, ‘सर, ऑफिसातल्या सहकाऱ्याची आई गेली. उर्दूत दोन ओळी नीट लिहून द्या ना.’ मी दिल्या. पण त्याचा पुढचा प्रश्न होता की यातल्या कुठल्या शब्दाचा अर्थ काय, आणि आपण हिंदूंनी हे लिहिलेलं चालतं का. त्याचं उत्तर मेसेजमध्ये मावत नव्हतं, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी मी दिलेला मजकूर बघा. उर्दूत असा संदेश साधारण एवढाच असतो:

‘मोहतरम साहब, आदाब. आपकी वालिदा मोहतरमा के इंतिकाल की खबर सुनकर दिली सदमा हुआ. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. अल्लाह तआला मरहूमा की मगफिरत फरमाए, जन्नतुल फिरदौस में जगह अता फरमाए और आप सब घरवालों को सब्र-ए-जमील दे. आमीन. हम आपके गम में बराबर के शरीक हैं.’

वरवर पाहता हा ठरीव मजकूर वाटतो. पण त्यात तीन वेगवेगळी कामं एका क्रमाने होतात. आधी मृत्यूपुढे मान तुकवायची, मग गेलेल्यासाठी मागायचं, मग मागे राहिलेल्यांसाठी मागायचं. हा क्रम आला कुठून, ते पाहू.

पहिली ओळ ‘आपल्या’बद्दल आहे

‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ हे शब्द कुराणाच्या दुसऱ्या सूरेतले, अल-बकरामधले. अर्थ असा की आपण अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत. कुराणात ते संकट कोसळल्यावर धीर धरणाऱ्यांच्या तोंडी येतात. तिथे फक्त मृत्यूचा उल्लेख नाही, म्हणून जुनी माणसं मोठं नुकसान झालं तरी हे वाक्य पुटपुटतात. एखाद्याने आजारपणाच्या किंवा चोरीच्या बातमीखाली ते लिहिलं तर दचकू नका.

यातला ‘राजिऊन’ शब्द आपल्याला परका वाटतो, पण त्याचा सख्खा भाऊ आपण रोज वापरतो. बदली झालेला तलाठी नव्या सज्जावर ‘रुजू’ होतो ना, ते ‘रुजू’ त्याच अरबी धातूतून आलेलं आहे. मूळ अर्थ परत येणं, वळणं.

आणि दुसरी गोष्ट. या ओळीत ‘तो गेला’ असं कुठेही नाही. ‘आपण’ आहे. म्हणजे सांत्वन करणारा काठावर उभा राहून बोलत नाही, त्याच रांगेत स्वतःलाही उभं करतो. ‘आरआयपी’ आणि ‘श्रद्धांजली’ हे दोन्ही गेलेल्याला उद्देशून आहेत. इथे वाक्याचा कर्ता वेगळा आहे. म्हणूनच एकाच्या जागी दुसरं टाकलं की अर्थ थोडा सरकतो.

मदिनेतला एक निरोप

शोकसंदेशाचा सगळ्यात जुना नमुना म्हणून ज्याच्याकडे पाहिलं जातं, तो पैगंबर मुहंमदांचा. इमाम बुखारी (मृत्यू 870) यांच्या हदीससंग्रहात ही हकीकत आहे. पैगंबरांच्या एका मुलीचं लेकरू शेवटच्या घटका मोजत होतं. तिने वडिलांना बोलावणं धाडलं. त्यांनी आधी सलाम आणि निरोप पाठवला. निरोपाचा आशय असा होता: अल्लाहने जे नेलं ते त्याचंच, जे दिलं तेही त्याचंच, प्रत्येक गोष्टीची मुदत ठरलेली आहे, तेव्हा धीर धर आणि त्याच्याकडून मोबदल्याची आशा ठेव.

अरबीत हा जेमतेम दीड-दोन ओळींचा मजकूर आहे. पुढच्या काळातल्या अनेक शोकसंदेशांचा साचा यातच दिसतो. तेराव्या शतकातले सिरियातले विद्वान इमाम नववी यांनी प्रार्थनांवरच्या आपल्या ग्रंथात सांत्वनाचे सर्वोत्तम शब्द म्हणून याच निरोपाकडे बोट दाखवलं. आणि त्यासोबत असंही लिहून ठेवलं की सांत्वनाच्या शब्दांवर बंधन नाही, कुठल्याही शब्दांत केलं तरी ते पोहोचतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण हकीकत निरोपावर संपत नाही. मुलीने पुन्हा माणूस धाडला, शपथ घातली की तुम्ही यायलाच हवं. तेव्हा पैगंबर उठले, काही सोबत्यांना घेऊन तिच्या घरी गेले. लेकरू त्यांच्या हाती दिलं. त्याचा श्वास घरघरत होता. पैगंबरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सोबतच्या साद बिन उबादा यांना आश्चर्य वाटलं, त्यांनी विचारलं, हे काय? उत्तर मिळालं की ही दया आहे, अल्लाहने आपल्या माणसांच्या काळजात ठेवलेली.

म्हणजे शोकसंदेशाचा हा आदर्श नमुनाच एका लेकीने पुरेसा मानला नाही. तिला शब्द मिळाले होते, पण तिला बाप हवा होता. आणि धीर धर म्हणणारा माणूस स्वतः तिथे जाऊन रडला.

मरहूम, मगफिरत आणि सातबारा

आता मजकुराचा दुसरा भाग. ‘मरहूम’ म्हणजे ज्याच्यावर दया झाली आहे तो. ‘रहम’, ‘रहीम’, ‘रहमान’ सगळे त्याच कुळातले. आपण नावाआधी ‘कै.’ लावतो, म्हणजे कैलासवासी. कैलासात कोण पोहोचलं हे आपल्याला कुठे माहीत असतं? पण आपण तसं लिहितो, कारण ती बातमी नसते, इच्छा असते. ‘मरहूम’चंही तसंच. बाई असेल तर ‘मरहूमा’. अरबी संदेशातही हा फरक पाळावा लागतो: पुरुषासाठी ‘रहिमहुल्लाह’, बाईसाठी ‘रहिमहल्लाह’. एका स्वराचा फरक, पण घरच्यांच्या नजरेतून सुटत नाही.

‘मगफिरत’ म्हणजे क्षमा. त्या धातूचा मूळ अर्थ झाकणं, पांघरूण घालणं असा आहे. अब्दुल गफूर, अब्दुल गफ्फार या नावांतला ‘गफूर’ आणि ‘गफ्फार’ तोच. गेलेल्या माणसाच्या चुका झाकल्या जावोत, एवढंच मागणं. त्याच्या गुणांचं वर्णन या संदेशात मुळीच नाही, हे पाहा. आपल्या श्रद्धांजलीच्या भाषणात ‘दिलदार व्यक्तिमत्त्व’, ‘कधीही न भरून निघणारी पोकळी’ असते. इथे ते अपेक्षित नाही. माणूस आमदार असो की हमाल, त्याच्यासाठी मागायचं तेच.

‘इंतिकाल’ म्हणजे एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं. मराठीत जसं आपण ‘मेले’ न म्हणता ‘वारले’ म्हणतो, तसं उर्दूत ‘मर गए’ न म्हणता ‘इंतिकाल हो गया’. सूफी संत असेल तर ‘विसाल’, म्हणजे मीलन. त्याच्या पुण्यतिथीला ‘उरूस’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ लग्नाशी जोडलेला आहे. आपल्या गावच्या पिराचा उरूस भरतो, रेवड्या वाटतात, कुस्त्या होतात. तो मृत्यूचा दिवस आहे आणि भाषेने त्याला लग्न केलं आहे, हे किती जणांच्या लक्षात असतं?

आणि हे शब्द परके आहेत असं म्हणणाऱ्यांनी एकदा तलाठी कार्यालयात जावं. फेरफारात ‘मयत खातेदार’ लिहिलेलं असतं आणि पुढे ‘वारस’. मयत आणि वारस, दोन्ही अरबी. कुठल्याही जातीच्या मराठी माणसाची जमीन बापाकडून लेकाकडे जाते ती या दोन शब्दांच्या हाताने. ‘मयतीला जाऊन आलो’ हे वाक्य आपल्या आज्या-आजोबांच्या तोंडी सर्रास होतं.

मराठवाड्यात तर याला आणखी एक पदर आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून कारभाराची भाषा उर्दू होती. त्या काळात शिकलेली हिंदू माणसंसुद्धा उर्दूत अर्ज लिहीत, पत्रं लिहीत. त्यात शोकपत्रंही आलीच. आज नातवाला जो मजकूर शोधावा लागतो, तो त्याच्या पणजोबाला हातखंडा येत असणार.

उर्दूने याच्या उलट बाजूचीही सोय केलेली आहे. उर्दू वर्तमानपत्रात गेलेल्या हिंदू व्यक्तीच्या नावाआधी ‘आंजहानी’ लिहितात. फारसीतून आलेला हा शब्द, अर्थ ‘त्या जगाचा’. म्हणजे दुसऱ्याच्या मृत्यूवर आपली श्रद्धा न लादता आदर कसा राखायचा, याचा विचार त्या भाषेने करून ठेवलेला आहे.

‘धीर धर’ म्हणणं आणि गालिबचा राग

तिसरा भाग मागे राहिलेल्यांचा: ‘सब्र-ए-जमील’, म्हणजे सुंदर धीर. धीर सुंदर कसा असतो? हा शब्द कुराणातल्या यूसुफच्या कथेतून आला आहे. यूसुफचे भाऊ त्याला विहिरीत टाकतात आणि त्याचा सदरा खोटं रक्त लावून बापापुढे ठेवतात. बाप याकूब ओळखतो की हे बनाव रचून आलेत. तेव्हा तो म्हणतो तो शब्द हा. टीकाकारांनी अर्थ लावला की ज्यात माणसांपुढे तक्रार नाही तो सुंदर धीर. पण त्याच कथेत पुढे हाच याकूब मुलाच्या दुःखाने इतका झुरतो की त्याचे डोळे पांढरे होतात. म्हणजे सब्र म्हणजे न रडणं नव्हे. ‘सब्र करो, रोओ मत’ असं दामटून सांगणाऱ्यांनी ही कथा अर्धीच ऐकलेली असते.

या शब्दाचा राग आलेला एक मोठा माणूस म्हणजे मिर्झा गालिब. 1857 नंतरचे ते दिवस. दिल्ली उद्ध्वस्त झालेली, गालिबची ओळखीची माणसं कुणी फासावर, कुणी तुरुंगात, कुणी परागंदा. त्यांच्या जवळचा एक तरुण, यूसुफ मिर्झा. त्याचा आधी मुलगा गेला, मग इंग्रजांच्या कैदेत असलेला बाप गेला. गालिबने त्याला लिहिलेलं पत्र त्यांच्या उर्दू पत्रसंग्रहात आहे.

त्या पत्रात रूढ मायना बाजूला ठेवून गालिब सुरुवातीलाच म्हणतात की तुझा बाप गेला हे तुला कसं लिहू, आणि लिहिलं तर त्यापुढे काय लिहू? सब्र कर म्हणू? ही तर जगाची झिजलेली रीत आहे. कुणाचं काळीज कापलं गेलंय आणि लोक त्याला सांगतात की तडफडू नकोस. तो तडफडणार नाही तर काय करेल? मग ते वडिलांच्या सुटकेच्या हुकमाविषयी विचारतात. तसा हुकूम झाला होता हे खरं असेल, तर तो गडी एकदमच दोन्ही कैदेतून सुटला म्हणायचा, आयुष्याच्याही आणि फिरंग्यांच्याही.

बाप आणि मुलगा दोन्ही गेलेल्या माणसाला गालिब म्हणतात की डोकं नाही आणि पाय नाहीत, असा माणूस कुणी पाहायचा असेल तर तुला पाहावं.

हे पत्र वाचून कुणी म्हणेल, मग ठरीव मजकूर फेकूनच द्यावा. मला तसं वाटत नाही. गालिब हे लिहू शकले, कारण ते गालिब होते आणि यूसुफ मिर्झा त्यांना लेकरासारखा होता. ऑफिसातल्या सहकाऱ्याला तुम्ही असं लिहू शकत नाही. ठरीव शब्दांचं काम वेगळं असतं. दुःखाच्या घरात पन्नास माणसं येतात, त्यातल्या चाळीस जणांना काय बोलावं कळत नाही. परंपरा त्यांच्या हातात चार शब्द ठेवते, म्हणजे ते निदान भलतं तरी बोलत नाहीत. आणि घरच्यांनाही उत्तर शोधावं लागत नाही, ‘आमीन’ म्हटलं की झालं.

अरबीत लिहायचं असेल तर

आपल्या भागातली, कोकणातली कितीतरी पोरं आखाती देशांत आहेत. मालकाच्या किंवा सहकाऱ्याच्या घरी मृत्यू झाला तर उर्दू तिथे कामाची नाही. तिथे रूढ वाक्य आहे ‘अज्जमल्लाहु अज्रकुम’, म्हणजे अल्लाह तुमचा मोबदला मोठा करो. हा ‘अज्र’ म्हणजे धीर धरल्याचा मोबदला, मदिनेतल्या त्या निरोपात होता तोच. पुढे ‘व अहसन अजाअकुम’, तुमचं सांत्वन चांगलं होवो, आणि ‘व गफर लिमय्यितिकुम’, तुमच्या मयताला क्षमा मिळो. तीन तुकडे: पहिले दोन मागे राहिलेल्यांसाठी, तिसरा गेलेल्यासाठी. इजिप्तचा माणूस असेल तर तो नुसतं ‘अल-बका लिल्लाह’ म्हणतो, टिकणारा फक्त अल्लाह. तेवढंही पुरतं.

यातला ‘अजा’ म्हणजे दुःख सोसण्याचं बळ, आणि ते बळ देणं म्हणजे ‘ताजिया’. उर्दूत त्याचं ‘ताजियत’ झालं, म्हणजे सांत्वन. मोहरममध्ये आपल्याकडे जे ताजिये, ताबूत निघतात, त्यातला ताजिया हा त्याच शब्दाचा दुसरा अवतार. करबलाच्या शोकाचं नाव त्या प्रतिकृतीला मिळालं. म्हणून ‘मी ताजिया पाठवतो’ असं लिहिलं की उर्दू वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मिरवणूक उभी राहते.

आपण लिहिलं तर चालतं का?

आता त्या मुलाचा प्रश्न. इमाम नववींचं म्हणणं वर सांगितलंच, शब्दांचं बंधन नाही. माझा अनुभवही तोच आहे. हिंदू शेजाऱ्याने ‘अल्लाह आपको सब्र दे’ म्हटलं तर मी आजवर कुणाला नाराज झालेलं पाहिलं नाही. उलट हात जास्त वेळ हातात राहतो. पण ‘इन्ना लिल्लाहि’ म्हणणं ही एक श्रद्धा बोलून दाखवणं आहे. ते मनातून येत नसेल तर नका लिहू. ती ओळ गाळूनही संदेश पूर्ण राहतो: बातमी ऐकून दुःख झालं, अल्लाह मरहूमाला मगफिरत देवो, तुम्हाला सब्र देवो, तुमच्या गम मध्ये आम्ही सोबत आहोत. आणि हे सगळं मराठीत लिहिलं तरी काही बिघडत नाही. न समजता चिकटवलेल्या अरबीपेक्षा समजून लिहिलेली मराठी केव्हाही चांगली.

दोन-तीन बारीक गोष्टी तेवढ्या सांभाळा. ‘खिराज-ए-अकीदत’ हा शब्द भारदस्त वाटतो म्हणून वापरू नका. तो नेत्याच्या, शायराच्या शोकसभेचा शब्द आहे, कुणाच्या आईसाठी घरी पाठवायचा नाही. संदेशासोबत दिव्याचं किंवा हार घातलेल्या फोटोचं चित्र जोडू नका. कितीतरी घरांत गेलेल्या माणसाचा फोटो असा फिरवलेला आवडत नाही. आणि उशीर करू नका. शरियतमध्ये सर्वसाधारण शोक तीन दिवसांचा मानला आहे, फक्त विधवेसाठी तो चार महिने दहा दिवसांचा. दूर असाल, उशिरा कळलं असेल तर गोष्ट वेगळी. पण गावात राहून दहाव्या दिवशी मेसेज टाकला तर घडी घातलेलं दुःख तुम्ही पुन्हा उलगडता.

शेवटचं. 629 मध्ये मुअताच्या लढाईत पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर मारले गेले. बातमी आली तेव्हा पैगंबरांनी लोकांना सांगितलं की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर असं काही ओढवलंय की त्यांना आता दुसरं सुचणार नाही. त्यावरून मयतीच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण नेण्याची रीत पडली. आपल्याकडेही मयतीच्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी जाते. ही रीत दोन्हीकडे आहे, तिला भाषांतर लागत नाही. तेव्हा मेसेज नीट लिहा, पण गावात असाल तर त्याच संध्याकाळी डबा घेऊन जा.

तुमच्या गावात, तुमच्या घरात अशा वेळी कोणते शब्द बोलतात? ‘पुरसा’, ‘मयतीला जाणं’, ‘दुखवटा’, आणखी काही? कुणाचं नाव न घेता कमेंटमध्ये लिहा. असे शब्द म्हाताऱ्या माणसांबरोबरच जातात, निदान नोंद तरी राहील.